58 नोंदींचं दुसरं प्रकरण: बचत गटांवरच्या एका प्रबंधाची फेरमांडणी

पार्श्वभूमी

ही हकिकत मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीची आहे. ती कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, एम.ए.ला माझ्या वर्गात होती आणि तिची मार्गदर्शकही मीच. ओळख पटू नये म्हणून तिच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत. ज्या अभ्यासांची नावं पुढे येतात, त्यांच्याबद्दल लिहिलेलं मात्र जसं आहे तसंच आहे.

विषय होता बचत गटांतून मिळणारं कर्ज आणि ग्रामीण स्त्रियांचं सक्षमीकरण. दुसरं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. 46 पानं, 58 नोंदी. आपल्याकडच्या प्रबंधांत जी विभागणी जवळजवळ ठरलेली असते तीच इथेही होती: आंतरराष्ट्रीय स्तरावरील अभ्यास, राष्ट्रीय स्तरावरील अभ्यास, राज्यस्तरावरील अभ्यास. प्रत्येक नोंद एकाच साच्यातून काढलेली. ‘अमुक यांनी तमुक साली या विषयावर संशोधन केले. त्यासाठी त्यांनी इतक्या महिलांची निवड केली. त्यांच्या मते…’ आणि मग दोन-तीन निष्कर्ष. पुढचा परिच्छेद पुढच्या आडनावाने सुरू.

प्रकरणाच्या शेवटी संशोधनातली पोकळी सांगितलेली होती, ‘सदर जिल्ह्यात या विषयावर आजवर अभ्यास झालेला नाही.’ असं वाक्य मी निदान चाळीस प्रबंधांत वाचलं असेल. महाराष्ट्रात जिल्हे आहेत तोवर या पोकळीला तोटा नाही.

हे प्रकरण मी वाचलं होतं आणि सहामाही प्रगती अहवालावर सहीही केली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे निघालं ते माझ्याही नजरेतून सुटलेलं होतं.

अडचण कुठे दिसली

संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी प्रकरण चाळलं आणि विचारलं, “बाई, कर्जाने बचत गटातली स्त्री सक्षम होते की नाही? तुमचं दुसरं प्रकरण काय म्हणतं?”

ती म्हणाली, “सर, काही संशोधकांच्या मते होते, काहींच्या मते होत नाही.”

“ते मलाही माहीत आहे. कधी होते आणि कधी होत नाही?”

ती गप्प बसली. मीही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी प्रकरण पुन्हा उघडलं. नवव्या पानावर गोएट्झ आणि सेन गुप्ता यांचा 1996 चा बांगलादेशातला अभ्यास होता. स्त्रियांच्या नावावर घेतलेल्या कर्जावर प्रत्यक्ष ताबा कोणाचा असतो, हे त्यांनी पूर्ण ताब्यापासून अजिबात ताबा नाही इथपर्यंत पाच पायऱ्यांत तपासलं होतं. सुमारे 63 टक्के प्रकरणांत ताबा अर्धवट, फार थोडा किंवा शून्य निघाला. पैसा नवऱ्याच्या किंवा घरातल्या पुरुषाच्या हातात जात होता. बाराव्या पानावर हाशेमी, शूलर आणि रायली. साल 1996, देश बांगलादेश, नियतकालिकही तेच. त्यांनी सक्षमीकरणाचे आठ निर्देशक घेतले होते: एकटीने बाहेर जाणं, स्वतःची थोडीफार पुंजी, लहान खरेदी, मोठी खरेदी, घरातल्या मोठ्या निर्णयांत वाटा, कुटुंबाच्या दडपणातून मोकळीक, कायदा आणि राजकारणाची जाण, आणि सार्वजनिक निषेधात किंवा प्रचारात भाग घेणं. त्यांचं उत्तर होतं की कर्ज कार्यक्रमांतल्या स्त्रिया अधिक सक्षम आहेत.

एकाच वर्षी, एकाच देशातून, एकाच नियतकालिकात दोन उलट उत्तरं. या क्षेत्रातला हा गाजलेला वाद आहे. आमच्या प्रकरणात ती दोन उत्तरं तीन पानांच्या अंतरावर, मध्ये दोन असंबद्ध नोंदी घेऊन, एकमेकींशी न बोलता बसलेली होती. लेखकवार मांडणीत वाचक दर परिच्छेदाला नव्याने सुरुवात करतो. विरोध दिसायला दोन गोष्टी शेजारी याव्या लागतात आणि त्या शेजारी आणायचं काम या मांडणीत कोणाचंच नसतं.

समोरचे पर्याय

तिच्यासमोर चार वाटा होत्या आणि त्यांतल्या तीन तिला माझ्यापेक्षा जास्त पसंत होत्या, कारण त्या स्वस्त होत्या.

पहिली वाट म्हणजे परिच्छेदांना जोडणारी वाक्यं घालणं. ‘याउलट’, ‘त्याचप्रमाणे’, ‘वरील अभ्यासाशी मिळताजुळता’. दोन दिवसांचं काम. पण नवव्या पानावरचा परिच्छेद दहाव्या पानावरच्या परिच्छेदाशी जोडून उपयोग नव्हता. त्याचं नातं बाराव्या पानाशी होतं. क्रम चुकीचा असला की जोडवाक्यं खोटी पडतात.

दुसरी वाट कालक्रमाची. एखाद्या कल्पनेचा इतिहास सांगायचा असेल तेव्हा ती चांगली. इथे 1996 च्या दोन अभ्यासांनीच दाखवून दिलं होतं की फरक काळाचा नव्हता.

तिसरी वाट मोहात पाडणारी होती आणि खरं सांगायचं तर बहुतेक जण तिथेच थांबतात. 58 परिच्छेद न फोडता वेगवेगळ्या मथळ्यांखाली हलवायचे. ‘आर्थिक परिणाम’, ‘सामाजिक परिणाम’, ‘राजकीय परिणाम’. तिने तो प्रयोग एका रात्रीत करूनही पाहिला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “मॅडम, निम्मे परिच्छेद तिन्ही मथळ्यांखाली जातात.” साहजिकच होतं. एक अभ्यास म्हणजे एक मुद्दा नसतो.

चौथी वाट संश्लेषण मॅट्रिक्सची. मराठीत आम्ही तिला सरळ ‘तक्ता’ म्हणू लागलो. उभ्या ओळीत अभ्यास, आडव्या ओळीत मुद्दे, प्रत्येक चौकटीत त्या अभ्यासाने त्या मुद्द्यावर काय म्हटलं ते. लिहिताना मात्र आडवं वाचायचं नाही, स्तंभ वरून खाली वाचायचा. कल्पना जुनी आहे. वेब्स्टर आणि वॉटसन यांनी 2002 मध्ये माहिती-प्रणालीच्या संशोधकांसाठी लिहिताना लेखककेंद्री आणि संकल्पनाकेंद्री आढाव्यातला फरक अशाच तक्त्याने दाखवला होता. खर्च मोठा होता, कारण प्रत्येक लेख पुन्हा उघडावा लागणार होता.

तिने चौथी वाट धरली, पण अट घातली की आधी फक्त 12 लेखांवर करून बघू. ही अट तिची. त्या बारांनी पुढचे निदान दोन महिने वाचवले असतील.

पहिला तक्ता आणि तो का फसला

तिने एक्सेलमध्ये 11 स्तंभ आखले आणि ते सगळे स्वतःच्या प्रश्नावलीतून उचलले: उत्पन्न, बचत, शिक्षण, आरोग्य, निर्णयक्षमता, सक्षमीकरण, राजकीय सहभाग वगैरे. बारा ओळी भरल्यावर दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या.

‘सक्षमीकरण’ हा स्तंभ बाराच्या बारा ओळींत भरलेला होता. तो भरगच्च दिसतो म्हणून तिला समाधान वाटत होतं. पण वरून खाली वाचला तर वाक्यांना एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. एक जण कर्जावरच्या ताब्याबद्दल बोलतोय, दुसरा बाजारापर्यंत एकटीने जाण्याबद्दल, तिसरा घरखर्चाबद्दल. जो स्तंभ सगळ्या ओळींत भरतो तो बहुतेक वेळा मुद्दा नसून विषयाचं नाव असतं. प्रबंधाच्या शीर्षकातला शब्द स्तंभाच्या डोक्यावर आला की समजावं, तो फोडायचा आहे.

उलट ‘आरोग्य’ या स्तंभात बारांपैकी दोनच चौकटी भरल्या होत्या. ही खरी पोकळी, की तिने निवडलेल्या लेखांचा तो विषयच नव्हता? इथे एक बारीक पण महत्त्वाची चूक सापडली. रिकाम्या चौकटीचे तीन वेगळे अर्थ असतात आणि ती तिन्हींसाठी चौकट कोरी सोडत होती. आम्ही खुणा ठरवल्या. अभ्यासाने तो मुद्दा पाहिलाच नसेल तर आडवी रेघ. पाहिला आणि परिणाम आढळला नाही तर शून्य. तिने तो भाग अजून वाचलेलाच नसेल तर प्रश्नचिन्ह.

प्रश्नचिन्हांनी लाज काढली. पूर्ण 58 नोंदींवर ती खूण लावल्यावर कळलं की 19 लेखांचा फक्त गोषवारा वाचलेला होता आणि 9 नोंदी दुसऱ्याच कुणाच्या प्रबंधातून उचललेल्या होत्या. लेखकवार परिच्छेदात हे लपतं. गोषवाऱ्यातून चार वाक्यांचा परिच्छेद सहज होतो. ‘तुलना कोणाशी केली’ ही चौकट गोषवाऱ्यातून भरत नाही.

निर्णयाचं वळण: सक्षमीकरणाचा स्तंभ कसा फोडायचा

इथे आमचे दोन आठवडे गेले आणि ते सत्कारणी लागले असं मला वाटतं.

पहिला विचार असा की सक्षमीकरणाचे प्रकार करावेत: आर्थिक, सामाजिक, राजकीय. पाठ्यपुस्तकी आणि सोपं. पण त्या तीन खणांत 1996 चे दोन्ही अभ्यास ‘आर्थिक’मध्ये पडत होते आणि विरोध होता तसाच राहत होता. वादाचं उत्तर ज्या स्तंभात सापडत नाही तो स्तंभ कामाचा नाही, एवढी कसोटी आम्ही लावली.

मग नायला कबीर यांचा 2001 चा लेख तिने पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचला. आधीच्या प्रकरणात त्याची नोंद होती, साडेतीन ओळींची. त्या लेखाचा विषयच मुळी असा की कर्जाच्या परिणामांबद्दलचे अभ्यास परस्परविरोधी का निघतात. कबीर यांचं म्हणणं थोडक्यात असं: कर्जाचा व्यवहार कोण सांभाळतं यालाच ताबा मानलं की एक उत्तर येतं, आणि कर्ज घरात आल्यामुळे बाईच्या आयुष्यात काय बदललं हे पाहिलं, तिच्याच तोंडून ऐकलं, की दुसरं. पैसा नवऱ्याच्या धंद्यात गेला तरी तो माझ्यामुळे आला, हे घरात सगळ्यांना माहीत असणं याचं वजन बाईला स्वतःला जाणवत असतं.

त्यातून स्तंभ फोडायची रीत सुचली. सक्षमीकरणाच्या प्रकारांऐवजी प्रश्नांचे स्तंभ करायचे. अभ्यासाने नेमकं कोणाचं, काय मोजलं, बाईचं की घराचं? काय आढळलं? कर्जावर ताबा कोणाचा? कर्ज कोणत्या वाटेने आलं? तुलना कोणाशी? शेवटी एक स्तंभ शंकांचा. अकराचे सहा झाले. पाच ओळी आणि चार स्तंभ इथे देते, वाचायला सोपे जावेत म्हणून आखडून:

| अभ्यास | कर्जाची वाट | कोणाचं, काय मोजलं | काय आढळलं |
|---|---|---|---|
| पिट, खांदकर 1998, बांगलादेश | गटाधारित कर्ज कार्यक्रम | घराचा उपभोग खर्च | बाईला दिलेल्या दर 100 टाकांमागे वार्षिक खर्च 18 टाका वाढला, पुरुषाला दिलेल्यांमागे 11 |
| होल्वोएट 2005, दक्षिण भारत | थेट बँक कर्ज विरुद्ध महिला गटामार्फत | घरातले निर्णय कोण घेतं | थेट कर्जाने फारसा फरक नाही. गटामार्फत, गटबांधणीच्या कामासह आलं तर मोठा |
| गरिकिपाटी 2008, आंध्र प्रदेश | बचत गट | घराची असुरक्षितता आणि बाईचं सक्षमीकरण, दोन्ही वेगवेगळं | घर सावरलं, बाई सक्षम झालीच असं नाही |
| स्वेन, वॉलेंटिन 2009, महाराष्ट्रासह पाच राज्यं | बचत गट | बाईचं सक्षमीकरण, 2000 आणि 2003 | गटातल्या बायकांत लक्षणीय वाढ, तुलनेच्या गटात नाही |
| बॅनर्जी आणि सहकारी 2015, हैदराबाद | सूक्ष्म वित्त कंपनीचं गटकर्ज | धंदा, खर्च, आरोग्य, शिक्षण, बाईचे निर्णय | 104 पैकी 52 वस्त्यांत कर्ज आणून तुलना. निर्णयशक्तीवर शून्य |

पहिली आणि तिसरी ओळ एकत्र पाहिली तेव्हा ती खुर्चीत सरळ होऊन बसली. जुन्या प्रकरणात पिट आणि खांदकर यांचे ते 18 टाका ‘स्त्रियांचे सक्षमीकरण होते’ याचा पुरावा म्हणून आले होते. तक्त्यात ‘कोणाचं मोजलं’ या चौकटीत लिहावं लागलं, ‘घराचं’. गरिकिपाटी नेमकं हेच सांगतात की घराचा फायदा आणि बाईचा फायदा यांची फारकत होऊ शकते: कर्ज घराच्या मालमत्तेत आणि उत्पन्नात जातं, आणि त्या मालमत्तेवर बाईचं नाव नसतं. म्हणजे जो आकडा ती पुरावा म्हणून देत होती तो तिच्या प्रश्नाचा पुरावाच नव्हता. शिवाय शंकांच्या स्तंभात अशी नोंद गेली की त्या आकड्यांच्या संख्याशास्त्रीय पद्धतीवर पुढे रूडमन आणि मॉर्डक यांनी गंभीर आक्षेप घेतले.

दुसरं वळण: कर्जाची वाट

‘कर्जाची वाट’ हा स्तंभ माझ्या आग्रहाने आला आणि प्रकरणाचा कणा झाला.

जुन्या प्रकरणात ‘सूक्ष्म वित्त’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी होत्या. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेच्या धर्तीचं कर्ज, ज्यात गट हा मुख्यतः परतफेडीची हमी असतो. सूक्ष्म वित्त कंपन्यांचं गटकर्ज, ज्याला गावात लोक ‘फायनान्सचं कर्ज’ म्हणतात. आणि आपला बचत गट, जिथे दहा ते वीस बायका आधी स्वतःची बचत गोळा करतात, आपापसांत अंतर्गत कर्ज देतात आणि मग बँकेच्या कर्जाला जोडल्या जातात. ही जोडणी नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांच्या प्रयोगाने सुरू केली. हैदराबादच्या अभ्यासात शून्य आलं म्हणून बचत गटाने काही होत नाही असं म्हणता येत नाही, कारण तिथे बचत गट नव्हताच. आणि स्वेन-वॉलेंटिन यांचं होकारार्थी उत्तर फायनान्सच्या कर्जाला लावता येत नाही.

एक्सेलमध्ये या स्तंभावर क्रमवारी लावली तेव्हा 58 पैकी 21 अभ्यासच खऱ्या अर्थाने बचत गटांचे निघाले. तिचा प्रबंध बचत गटांवर होता. बाकीचे 37 ती, बिचारी, इमानदारीने वाहत होती.

होल्वोएट यांचा अभ्यास इथे बिजागरीसारखा ठरला, कारण त्यात दोन वाटांची तुलना एकाच प्रदेशात आहे. कर्ज बाईच्या नावावर आहे का, यापेक्षा ते गटातून येतंय का आणि गटावर किती काम झालंय, याने फरक पडतो असं त्या दाखवतात. समितीतल्या सरांचा ‘कधी होते आणि कधी होत नाही’ हा प्रश्न आता हवेत राहिला नव्हता.

चौकटी भरण्याची शिस्त

पूर्ण तक्ता भरताना तीन नियम पाळले. एका चौकटीत पंचवीसेक शब्दांपेक्षा जास्त नाही. प्रत्येक चौकटीत पान क्रमांक. लेखातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणात, नाहीतर स्वतःच्या शब्दांत. शेवटचा नियम कटकटीचा वाटतो, पण तीन महिन्यांनी चौकटीतलं वाक्य आपलं की त्यांचं हे आठवत नाही आणि ते तसंच प्रबंधात जातं.

मी पडताळणीसाठी आठ ओळी तिचा तक्ता न बघता स्वतः भरल्या. 48 चौकटींपैकी पाचांत आमचं जमेना. पाचही ‘कोणाचं, काय मोजलं’ याच स्तंभात आणि पाचही ‘घरातले निर्णय’ मोजणाऱ्या अभ्यासांच्या. नवऱ्याशी चर्चा करून घेतलेला निर्णय ती बाईच्या खात्यात टाकत होती, मी टाकत नव्हते. मग कळलं की मूळ अभ्यासांतही हाच घोळ आहे. संयुक्त निर्णय कुणी सक्षमीकरणात धरतं, कुणी धरत नाही. हा मतभेद नंतर प्रकरणात एक स्वतंत्र परिच्छेद होऊन गेला.

तक्त्यापासून गद्यापर्यंत, आणि मध्ये एक घसरण

तक्ता झाला म्हणजे प्रकरण झालं असं आम्हाला वाटलं होतं. तिने ‘कर्जावर ताबा’ या स्तंभावरून पाच पानं लिहून आणली. मथळा नवा, आत जुनंच. ‘गोएट्झ आणि सेन गुप्ता यांना असे आढळले… हाशेमी यांना असे आढळले… कबीर यांच्या मते…’ लेखकांची रांग तशीच, फक्त आता मथळ्याखाली उभी.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ती स्तंभातली एकेक चौकट उचलून तिचं एकेक वाक्य करत होती. स्तंभ वाचून आपल्याला काय वाटलं, हे वाक्य कुठेच नव्हतं. म्हणून मी सांगितलं की गद्य लिहायच्या आधी प्रत्येक स्तंभाखाली एक ओळ लिही, जिच्यात कुणाचंही आडनाव नसेल. आणि परिच्छेदाचं पहिलं वाक्य त्या ओळीतून यायला हवं. ‘यांनी’ने सुरू होणारा परिच्छेद मी परत पाठवीन.

तिची त्या स्तंभाखालची ओळ अशी आली, ‘ताबा नाही असं म्हणणारे अभ्यास पैसा कोणाच्या हातात गेला ते पाहतात, ताबा आहे म्हणणारे पैसा आल्यावर बाईचं काय झालं ते पाहतात.’ त्यावरून झालेला परिच्छेद प्रबंधात असा आहे:

‘कर्जावरील ताबा आणि कर्जाचा लाभ या दोन गोष्टी पूर्वसंशोधनात अनेकदा एकच मानल्या गेल्या आहेत. पैशाचा विनियोग कोण करतो हा निकष लावला असता स्त्रियांचा ताबा मर्यादित दिसतो (गोएट्झ आणि सेन गुप्ता 1996). वावर, खरेदी, निर्णय अशा व्यापक निकषांवर त्याच देशात त्याच काळात वेगळे चित्र दिसते (हाशेमी इ. 1996). हा विरोध निष्कर्षांपेक्षा निकषांचा आहे, या कबीर (2001) यांच्या मांडणीला प्रस्तुत अभ्यास अनुसरतो. मात्र मालमत्तेवर नाव नसल्यास लाभ टिकतो का, हा गरिकिपाटी (2008) यांचा प्रश्न त्या मांडणीने सुटत नाही.’

शेवटचं अर्धवाक्य तिचं स्वतःचं आहे. जुन्या 46 पानांत असं एकही नव्हतं.

एका ठिकाणी आम्ही मुद्दाम उलट निर्णय घेतला. कबीर यांचा लेख चौकटींत चिरला की त्याचा युक्तिवादच नाहीसा होतो, म्हणून त्याला सलग दीड पान दिलं, लेखकवार पद्धतीने. तसंच अभ्यासपद्धतीचं झालं. मुद्द्यांनुसार चिरफाड झाल्यावर हैदराबादचा यादृच्छिक प्रयोग आणि साधं सर्वेक्षण एकाच वजनाचे दिसू लागले होते. म्हणून मुद्द्यांच्या आधी पद्धतींवर चार पानांचा वेगळा भाग लिहावा लागला. मुद्देवार मांडणीचा हा खरा तोटा आहे.

फलित

पुढच्या बैठकीत समितीतल्या दुसऱ्या एका सदस्यांनी हरकत घेतली. आंतरराष्ट्रीय, राष्ट्रीय, राज्यस्तर ही विभागणी कुठे गेली? विद्यापीठात सगळे तशीच करतात. वाद घालण्याऐवजी आम्ही पूर्ण तक्ता त्याच क्रमाने लावून परिशिष्टात दिला. त्यांचं समाधान झालं, आणि बहिःस्थ परीक्षकांनी मौखिकीत सर्वांत जास्त वेळ उघडलेलं पान ते परिशिष्टच होतं.

प्रकरण 46 पानांवरून 31 वर आलं. 58 पैकी 24 अभ्यास गळले, 7 नवे आले. सगळं मिळून अकरा आठवडे लागले, त्यांतले सहा पुन्हा वाचनात. ‘या जिल्ह्यात अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य गेलं. त्या जागी आलं ते असं: बचत गटांच्या अभ्यासांत कर्जातून उभी राहिलेली मालमत्ता कोणाच्या नावावर झाली, याची नोंद तक्त्यातल्या 21 पैकी फार थोड्यांनी घेतली आहे.

त्याचा फटका प्रश्नावलीला बसला. आधी एकच प्रश्न होता, ‘कर्जाचा वापर कोण करते?’ आता त्याचे चार झाले: पैसा कोणत्या कामाला गेला, ते कोणी ठरवलं, हप्ता कोणाच्या कमाईतून जातो, आणि घेतलेली म्हैस, शिलाई मशीन किंवा शेतातली मोटर कोणाच्या नावावर आहे. चाळीस बायकांवर केलेली पूर्वचाचणी त्यामुळे फुकट गेली आणि ती पुन्हा घ्यावी लागली.

पुन्हा करायचं झालं तर

तक्ता पहिल्या लेखापासून सुरू व्हायला हवा होता आणि ती जबाबदारी माझी होती. लेख वाचून झाल्यावर ओळ भरायला वीस मिनिटं लागतात. दोन वर्षांनी तोच लेख पुन्हा उघडून भरायला अर्धा दिवस.

स्तंभ मात्र पहिल्या दिवशी ठरवू नयेत. पहिल्या दिवशी फक्त देश, कर्जाची वाट, पद्धत आणि तुलना एवढे संदर्भाचे स्तंभ घालावेत, मुद्द्यांचे दहा-बारा लेखांनंतर. प्रश्नावलीवरून स्तंभ काढले तर साहित्य आपल्याच प्रश्नांची उत्तरं देतंय असं वाटत राहतं आणि आपण न विचारलेला प्रश्न दिसत नाही. मालमत्तेच्या नावाचा प्रश्न आमच्याकडून असाच राहून गेला होता.

मराठीतल्या अभ्यासांबाबत आमच्याकडून अन्याय झाला असं मला आजही वाटतं. गळलेल्या 24 पैकी 14 राज्यस्तरावरचे होते. त्यांत नमुना कसा निवडला, तुलना कोणाशी केली हे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे सहापैकी तीन-चार चौकटींत रेघा आल्या आणि ते बाहेर गेले. पण त्यांतल्या काहींमध्ये गटाच्या बैठकीत काय बोललं जातं याची वर्णनं होती, जी बाहेरच्या एकाही अभ्यासात नव्हती. आमच्या सहा स्तंभांत त्या वर्णनांना जागाच नव्हती. सातवा स्तंभ काढायला हवा होता का, यावर ती आणि मी अजून एकमत झालेलो नाही. ती म्हणते काढायला हवा होता, आणि त्या 14 अभ्यासांची तिने वेगळी फाइल ठेवली आहे.